सीलिअ‍ॅक आहे आणि भाकरीवर आहात? मग दाण्यापासून तव्यापर्यंत गहू कुठे कुठे शिरतो ते बघा

"गहू पूर्ण बंद केलाय, वर्षभर फक्त ज्वारी-बाजरी-नाचणी, तरी रक्तातला टीटीजी खाली येत नाही" हे वाक्य सीलिअ‍ॅकवाल्या घरांमधून इतक्या वेळा ऐकलंय की आता सगळं क्रमाने लिहूनच काढते. बहुतेक वेळा धान्य बरोबर निवडलेलं असतं. घोळ असतो तो दुकानातल्या गोणीत, गिरणीत, हिंगाच्या डबीत आणि पाकिटावरच्या न वाचलेल्या एका ओळीत. खालचे टप्पे याच क्रमाने करा. मधला एक गाळला तर पुढच्याचा उपयोग होत नाही, म्हणजे धान्य तासभर निवडलं आणि गव्हाच्या गिरणीत नेऊन ओतलं तर तो तास फुकट.

## १. आधी टेस्ट, मग पथ्य

पोट बिघडतंय, कुणीतरी सांगितलं, गहू सोडला, बरं वाटलं, आणि मग सहा महिन्यांनी डॉक्टरकडे गेले. असं करू नका. रक्तातली टीटीजी आयजीए टेस्ट आणि आतड्याची बायोप्सी दोन्ही गहू खाण्यात चालू असतानाच नीट येतात. गहू आधीच बंद असेल तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग पुन्हा काही आठवडे गहू खाऊन टेस्ट करायची वेळ येते, ते फार त्रासाचं असतं.

निदान झालं की मात्र पथ्य पूर्ण पाळायचं, आणि आयुष्यभर. "थोडं चालतं" हे यात नाही, का नाही ते टप्पा ४ मधल्या हिशोबात कळेल.

## २. काय चालतं, काय नाही

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई (भगर), राळा, कोदो, राजगिरा, कुट्टू, तांदूळ, मका आणि सगळ्या डाळी-कडधान्यं, यांच्यात मुळात ग्लूटेन नाही, म्हणजे गहू, जव, राय यांच्यातलं ते प्रथिन ज्याने सीलिअ‍ॅकमध्ये आतड्याला इजा होते. कुट्टूच्या पाकिटावर बकव्हीट लिहिलेलं असतं, पण त्याचा गव्हाशी संबंध नाही, त्यामुळे तेवढं वाचून पाकीट परत ठेवू नका.

आता जिथे लोक नेहमी चुकतात ते.

खपली गहू चालत नाही. "खपली जुना गहू आहे, पचायला हलका, सीलिअ‍ॅकला चालतो" असं अगदी विकणारेसुद्धा सांगतात. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे आणि सीलिअ‍ॅकमध्ये तो तेवढाच वर्ज्य. बन्सी, शरबती, दलिया, लापशी रवा, रवा, शेवया, मैदा हे सगळं त्याच गटात.

सातू म्हणजे आपल्याकडे जव, त्यात ग्लूटेन असतं. घरोघरी सातूचं पीठ करतात त्यात गहू किंवा जव असतोच. उत्तरेकडचं सत्तू नुसत्या हरभऱ्याचं असू शकतं, पण ते लेबल बघूनच घ्या.

मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी. पारंपरिक मेतकुटात डाळ-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालतात, भाजणीतही घालतात. हे सगळ्यात जास्त निसटतं, कारण आजीने प्रेमाने बरणी भरून पाठवलेली असते आणि त्यात गहू आहे हे कुणाच्या मनातच येत नाही. भाजणी गहू वगळून घरी करा, ज्वारी-बाजरी-तांदूळ-डाळी-धण्याची थालीपिठं उत्तम होतात. उपवासाची भाजणी राजगिरा-साबुदाणा-वरईची असते म्हणून घटकांच्या दृष्टीने ठीक, पण ती कुठे दळली हा प्रश्न उरतोच.

⚠ सावध: निदानानंतर पहिले काही आठवडे आतडं सुजलेलं असतं, तेव्हा एकदम तीन वेळा बाजरी-नाचणी सुरू केली तर गॅस, पोट जड असं होतं. ते बऱ्याचदा कोंड्यामुळे, ग्लूटेनमुळे नाही. सुरुवात मऊ भात, तांदळाची भाकरी, ज्वारीच्या कण्या यांनी करा आणि बाकीचं एक-एक वाढवा. एकाच दिवशी चार नवीन गोष्टी आणल्या तर कशाने त्रास झाला ते कधीच कळत नाही.

## ३. धान्य आणणं आणि निवडणं

ज्वारीचं पीठ नको, अख्खी ज्वारी आणा. पिठात गहू मिसळलेला डोळ्यांना दिसत नाही, दाण्यात दिसतो. अमेरिकेत २०१० साली एका तपासणीत मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्यं-पिठांचे २२ नमुने बघितले, त्यातल्या ७ मध्ये ग्लूटेन २० पीपीएम, म्हणजे किलोला २० मिलिग्रॅम, किंवा त्याच्यावर निघालं. ही सगळी साधी, ग्लूटेन-फ्री असा दावा न केलेली पाकिटं होती. आपल्याकडे तर एकाच मळणी यंत्रातून आधी गहू आणि मग ज्वारी जाते, गोण्या त्याच, दुकानातलं माप तेच, त्यामुळे दाणे मिसळणारच असं धरूनच चाला.

दुकानात सुटं घेऊ नका. गव्हाच्या पोत्यात घातलेलं माप ज्वारीच्या पोत्यात जातं हे आपल्यासमोर होत असतं. बंद पाकीट घ्या, किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेत असाल तर त्याच हंगामात मळणी यंत्रात गहू झाला होता का आणि गोणी नवी होती का हे विचारा.

आता निवडायचं कसं, क्रमाने.

१. आधी चाळा. नाचणी, राजगिरा, वरई, राळा यांचे दाणे गव्हापेक्षा खूप बारीक असतात, त्यामुळे दाणा खाली पडेल आणि गहू वर राहील अशी चाळणी घेतली की काम निम्मं होतं. चाळणी नवी, फक्त याच कामाची.

२. मग पाखडा. कोंडा, तूस, धूळ जाते, पण गव्हाचा दाणा पाखडून जात नाही, तो जड असतो.

३. मग ताटात पसरून निवडा. ज्वारी-बाजरीला चाळणीचा भरवसा नाही, हातानेच निवडायला लागतं. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा, आणि गव्हाचा लांबट, मधोमध चीर असलेला. पांढऱ्या स्टीलच्या ताटापेक्षा गडद रंगाच्या ताटात, खिडकीच्या उजेडात, एका वेळी एकच थर पसरून बघा. रात्री ट्यूबलाइटखाली निवडलेल्या ज्वारीत सकाळी परत गहू सापडतो, हे प्रत्येकीने करून बघावं.

४. मग दोन पाण्यांनी धुवा. दाण्याला चिकटलेली पिठाची धूळ जाते. धुणं निवडण्याच्या आधी करू नका, ओला झाला की गहू फुगतो, रंग बदलतो आणि ओळखायला येत नाही.

५. कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्ट वाजेपर्यंत. ओलसर दाणा दळला की पीठ चिकटतं आणि लवकर खराब होतं. गच्चीवर शेजारी कुणी गहू वाळत घातला असेल तर तुमचं दुसऱ्या दिवशी करा, आणि गव्हाच्या वाळवणाला वापरलेली चादर घेऊ नका.

तपासा: गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन अंदाजे ३ ते ४ मिलिग्रॅम. ग्लूटेन-फ्रीची मर्यादा एका किलोला २० मिलिग्रॅम. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच-सहा दाणे राहिले तरी मर्यादा गाठली. निवडून झाल्यावर त्यातलं एक वाटी धान्य वेगळं घेऊन दुसऱ्या माणसाला बघायला द्या. त्यात गव्हाचा एकही दाणा सापडला तर सगळं परत निवडायचं.

## ४. गिरणी

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

गिरणीत एका गिऱ्हाईकाचं दळण संपलं तरी दगडांमध्ये, आतल्या कोपऱ्यांत आणि खाली पीठ येतं त्या कापडी तोंडात पीठ शिल्लक राहतं. नेहमीच्या गिऱ्हाईकाला हे चालतं, आधीच्याचं थोडं आपल्यात येतं आणि आपलं थोडं पुढच्यात जातं. सीलिअ‍ॅकमध्ये याचा अर्थ काय होतो ते आकड्यात बघू.

कणकेत साधारण ८ ते १० टक्के ग्लूटेन धरा, म्हणजे १ ग्रॅम कणकेत ८० ते १०० मिलिग्रॅम. समजा तुम्ही ५ किलो ज्वारी नेली, आधी गहू दळला होता आणि गिरणीत ५० ग्रॅम कणीक राहिली होती. ती ५ किलोत मिसळली म्हणजे किलोला १० ग्रॅम, म्हणजे किलोमागे ८०० ते १००० मिलिग्रॅम ग्लूटेन. मर्यादा २०. चाळीस-पन्नास पट झालं. दिवसाला २०० ग्रॅम पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर १६० ते २०० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात.

हा आकडा किती वाईट? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पथ्यावर असलेल्या सीलिअ‍ॅक रुग्णांना रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन ३ महिने दिलं, तेवढ्याने आतड्याला इजा झालेली दिसली. बहुतेकांना रोज १० मिलिग्रॅमच्या आत असेल तर इजा होत नाही असं मानतात. म्हणजे "नुसती ज्वारीच खातो" म्हणणारा माणूस गिरणीमुळे त्या प्रयोगातल्यापेक्षा तिपटीने जास्त ग्लूटेन खात असू शकतो, आणि त्याला पत्ताही नसतो, कारण सगळ्यांनाच त्रास जाणवतो असं नाही.

आता "मग आधी थोडे तांदूळ दळून गिरणी साफ करून घेतो" यावर. समजा तांदळाने शिल्लक कणकेतला ९० टक्के भाग निघाला, ५ ग्रॅम राहिली. ५ किलोत ५ ग्रॅम म्हणजे किलोला १ ग्रॅम, ८० ते १०० मिलिग्रॅम. अजून मर्यादेच्या चार-पाच पट. तांदूळ दळून काढल्याने नक्की फरक पडतो, पण पीठ सुरक्षित झालं असं नाही. हे सगळ्यांनी नीट समजून घ्या, कारण बहुतेक घरं याच उपायावर वर्षानुवर्षं निर्धास्त असतात.

मग करायचं काय? चांगल्यापासून नाइलाजापर्यंत या क्रमाने बघा.

सगळ्यात चांगलं म्हणजे स्वतःची घरघंटी, जिच्यात गहू कधीच गेला नाही. नवी घ्या. सेकंडहँड घेऊ नका, आधीच्या घरात त्यात गहूच दळलेला असणार आणि आतल्या फटी, जाळ्या, सील यातून तो पूर्ण निघत नाही. घरात आधीपासून गव्हासाठी घरघंटी असेल तर तीच "नीट पुसून" वापरायचा मोह टाळा. बाकीच्यांचा गहू बाहेर गिरणीतून आणा आणि घरघंटी फक्त या माणसाच्या धान्याला द्या, उलटं नाही. बाजरीचं पीठ आठवड्याभरातच कडू व्हायला लागतं, ज्वारीचं जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते, त्यामुळे दळण थोडं-थोडं आणि वारंवार लागतं, आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या गिरणीची जोखीम घेण्यापेक्षा हा खर्च परवडतो.

घरघंटी शक्य नसेल तर मिक्सर. नाचणी, राजगिरा, वरई, तांदूळ हे सगळं मिक्सरच्या कोरड्या भांड्यात थोडं-थोडं करून बारीक चाळणीने चाळलं की काम भागतं. ज्वारीचं पीठ जरा जाड येतं, पण उकड काढून भाकरी होते. भांडं वेगळं ठेवा.

नाहीतर प्रत्येक लॉट तपासलेलं, ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकिटातलं पीठ. महाग आहे, हे खरंय, पण मूल लहान असेल आणि घरात वेळ नसेल तर निदान ज्वारीचं तरी हे घ्या.

आणि अगदीच नाइलाज म्हणून बाहेरची गिरणी. तेव्हा गिरणीवाल्याला "ज्वारीची गिरणी वेगळी आहे का" एवढंच विचारून थांबू नका. बऱ्याच ठिकाणी गव्हाला वेगळा आणि ज्वारी-बाजरीला वेगळा दगड असतो खरा, पण त्याच ज्वारीच्या दगडावर गहू घातलेली भाजणी दळली जाते, गव्हाचा बंद पडला की गहूही तिकडेच जातो. असं विचारा: या दगडावर भाजणी दळता का? मेतकूट? सातू? गर्दीच्या वेळी गहू इथे येतो का? मग टाकी लावायच्या दिवशी, म्हणजे दगड उघडून साफ होतात तेव्हा, सकाळी पहिलं दळण तुमचं लावा. कापडी तोंड स्वतःचं धुतलेलं न्या, नाहीतर निदान झटकून घ्या. आधी दोन किलो तांदूळ दळून ते पीठ घरातल्या इतरांना द्या, रुग्णाला नाही. आणि तुमचं पीठ खाली येताना शेजारी गव्हाचं दळण चालू असेल तर थांबा, हवेत उडणारी कणीक डब्यात बसते.

⚠ सावध: डबा. कणकेच्या जुन्या डब्यातून ज्वारी गिरणीत नेली तर वरची सगळी मेहनत वाया. झाकणाच्या कडेला पीठ बसलेलं असतं. वेगळा डबा, वेगळ्या रंगाचा, त्यावर मोठ्या अक्षरात नाव.

तपासा: ग्लूटेन तपासायच्या पट्ट्या मिळतात, आणि एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये एलायझा पद्धतीने पीठ तपासून देतात. नमुना पिठाच्या वरच्या थरातून एक चमचा असा घेऊ नका. आधी आलेलं आणि शेवटी आलेलं पीठ वेगळ्या पिशव्यांत घ्या आणि आधी आलेलं तपासा, दगडातली शिल्लक कणीक पहिल्या पिठातच जास्त उतरते. एक नमुना स्वच्छ निघाला म्हणजे पुढच्या सगळ्या दळणांची हमी मिळाली असं नाही, तेवढ्या एका दळणाचं ते उत्तर.

## ५. घरातला ओटा

इथे थोडक्यात, कारण हे बहुतेकांना माहीत असतं पण क्रम चुकतो. भाकरी आधी, पोळ्या नंतर. कणीक मळताना, चाळताना पीठ उडतं आणि बराच वेळ हवेत राहून ओट्यावर बसतं, म्हणून पोळ्यांच्या नंतर ओटा पुसून भाकरी करण्यापेक्षा भाकरी करून झाकून ठेवणं सोपं. परात, पोळपाट-लाटणं, चाळणी आणि लोखंडी तवा वेगळे. स्टीलची पातेली नीट घासली की दोघांना चालतात, पण लाकूड आणि जाळी कितीही घासली तरी साफ होत नाही.

भाकरी जुळून येत नाही म्हणून त्यात चिमूटभर कणीक टाकायची सवय अनेक घरांत आहे, घरी नवीन आलेल्या स्वयंपाकाच्या मावशींना हे आधीच स्पष्ट सांगा. त्याऐवजी उकळतं पाणी घालून उकड काढा आणि कोमट असताना भरपूर मळा. वरून लावायचं पीठही तेच, शेजारच्या कणकेच्या डब्यातलं नाही.

## ६. ओट्स

ओट्सबद्दल दोन टोकं ऐकू येतात, एक "ओट्समध्ये ग्लूटेन नसतं, बिनधास्त खा" आणि दुसरं "ओट्स बंदच". दोन्ही अर्धवट.

ओट्समधलं प्रथिन वेगळं, त्याला अ‍ॅव्हेनिन म्हणतात. बहुतेक सीलिअ‍ॅक रुग्णांना शुद्ध ओट्स चालतात, पण थोड्या जणांना त्यानेही त्रास होतो. आणि मोठी अडचण शुद्ध या शब्दात आहे. ओट्स शेतात, मळणीत, कारखान्यात गहू आणि जवाबरोबर फिरतात आणि जवाचा दाणा ओट्ससारखाच दिसतो, त्यामुळे ज्वारीसारखं घरी निवडणं शक्यच नाही, त्यात ओट्स चपटे करून येतात. म्हणून दुकानातले साधे ओट्स, कितीही मोठ्या ब्रँडचे असोत, सीलिअ‍ॅकला नकोत. फक्त ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच.

सुरुवात कधी? त्रास थांबलाय, टीटीजी खाली येतोय, अशा वेळी, डॉक्टरांशी बोलून. निदान झाल्या-झाल्या नको. मोठ्यांना दिवसाला कोरडे ५० ग्रॅमपर्यंत, लहान मुलांना २० ते २५ ग्रॅम, आणि सुरुवात त्याहून खूप कमीने, दोन चमचे. त्या काळात दुसरं काही नवीन आणू नका. काही महिन्यांनी टीटीजी परत करा. पोट ठीक वाटतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

मसाला ओट्स वेगळं प्रकरण आहे. ओट्स ग्लूटेन-फ्री असले तरी मसाल्याच्या मिश्रणात मैदा, गव्हाचं प्रथिन किंवा माल्ट असू शकतं.

परदेशातून कुणी आणत असेल तर एक लक्षात ठेवा. युरोपात ओट्सवर ग्लूटेन-फ्री लिहायला २० पीपीएमच्या आत असावं लागतं, पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये ओट्सवर ग्लूटेन-फ्री लिहायला कायद्यानेच परवानगी नाही. म्हणून सिडनीहून येणाऱ्या मावशीला "ग्लूटेन-फ्री ओट्स आण" सांगितलं तर तिला तसं पाकीट मिळणार नाही, आणि ती जे आणेल त्यावर ते शब्द नसतील.

## ७. लेबल वाचणं

पाकिटाच्या पुढच्या बाजूला काही वाचू नका. नाचणीचं चित्र, मल्टिग्रेन, नो मैदा, हिरवा ठिपका यातलं काहीच कामाचं नाही. नाचणी बिस्किटांत बहुतेक वेळा पहिला घटक मैदा किंवा कणीकच असते. पाकीट उलटं करा आणि या क्रमाने वाचा.

पहिलं, घटकांची यादी, शेवटच्या शब्दापर्यंत. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून लोक पहिले तीन वाचून सोडतात, पण सीलिअ‍ॅकला शेवटचाही मोजायचा. व्हीट, आटा, मैदा, सूजी, सेमोलिना, दलिया, ब्रान, बार्ली, राय, माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, हे दिसलं की पाकीट खाली. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, आणि तो दुधात घालायच्या पावडरींत, कॉर्नफ्लेक्समध्ये, चॉकलेटमध्ये असतो. मका बघून कॉर्नफ्लेक्स घेतात आणि माल्ट वाचायचं राहतं. सोया सॉसमध्ये गहू असतो.

दुसरं, अ‍ॅलर्जीची ओळ. आपल्याकडच्या एफएसएसएआयच्या नियमानुसार ग्लूटेन असलेली धान्यं, म्हणजे गहू, राय, जव, ओट्स, त्यात असतील तर 'कंटेन्स' म्हणून वेगळं लिहावं लागतं. यादीत ओट्सही आहेत, त्यामुळे ग्लूटेन-फ्री ओट्सच्या पाकिटावरही कंटेन्स ओट्स दिसेल, त्याने घाबरू नका. पण कंटेन्स व्हीट दिसलं तर विषय संपला. आणि हे पक्कं लक्षात ठेवा की अख्खं कच्चं धान्य या ओळीच्या नियमातून वगळलंय. अख्ख्या ज्वारीच्या पाकिटावर अ‍ॅलर्जीची ओळ नाही म्हणजे गहू नाही असा अर्थ काढता येत नाही, टप्पा ३ करायचाच.

तिसरं, 'मे कन्टेन' किंवा 'गहू वापरल्या जाणाऱ्या कारखान्यात बनवलेलं'. पीठ, रवा, ओट्स, बिस्किट, नमकीन यावर हे दिसलं तर घेऊ नका. आणि ही ओळ नाही म्हणून पीठ शुद्ध असंही नाही.

चौथं, ग्लूटेन-फ्री हा शब्द. आपल्याकडे तो लिहायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असायला हवं. 'लो ग्लूटेन' म्हणजे २० ते १००, ते सीलिअ‍ॅकसाठी नाही. 'व्हीट फ्री' म्हणजे गहू नाही, जव असू शकतो. गव्हाच्या लोंबीवर काट मारलेलं चिन्ह असेल तर त्याखाली लायसन्स नंबर आहे का बघा, नुसतं चित्र कुणीही छापतं.

आता एक पाकीट हातात घेऊन वाचू, हिंगाची डबी. फोडणीची रोजची गोष्ट, म्हणून सगळ्यात शेवटी आठवते. आपण वापरतो तो बांधानी हिंग, शुद्ध हिंग फार उग्र असतो म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळतात. बऱ्याच डब्यांवर बारीक अक्षरात मैदा किंवा व्हीट फ्लोअर लिहिलेलं असतं, आणि अर्धं वजनही तेच असू शकतं. हिशोब करा: एका भाजीत चिमूटभर, समजा ०.२ ग्रॅम हिंग, त्यात निम्मा मैदा म्हणजे १०० मिलिग्रॅम, ग्लूटेन ८-९ मिलिग्रॅम. चौघांत वाटलं तर प्रत्येकी दोन. पण आमटी, भाजी, ताकाची फोडणी, चटणी असं दिवसात चारदा झालं की आठ, आणि १० ची मर्यादा नुसत्या हिंगात जवळजवळ संपली. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, लेबल वाचून तो घ्या. सांबार-चाट मसाल्यातही हिंग असतो, म्हणजे तो प्रश्न तिथेही.

तपासा: दर वेळी वाचा. तोच ब्रँड, तेच पाकीट असलं तरी घटक बदलतात. जुन्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून नव्याशी पडताळायची सवय लावा, औषधांच्या बाबतीतही फार्मसीत एकदा विचारा, गोळ्यांमध्ये गव्हाचा स्टार्च असू शकतो.

## ८. एवढं करूनही टीटीजी खाली येत नसेल तर

निदानानंतर पहिल्या वर्षात साधारण दर सहा महिन्यांनी टेस्ट होते आणि आकडा हळूहळू उतरतो, सुरुवातीला खूप जास्त असेल तर नॉर्मल व्हायला वर्षाहून जास्त लागू शकतं. पण तो खाली येतच नसेल किंवा उतरून परत चढत असेल, तर एकाच वेळी सगळं बदलू नका. या क्रमाने शोधा.

आधी सात दिवस तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहा, प्रसाद, शाळेत मित्राच्या डब्यातला घास, लग्नातली जिलेबी, सगळं. मुलांच्या बाबतीत चोरून खाल्लेलंही, आणि रागावलात तर ते सांगणार नाही. मग घरात जे दळून आलंय ते सगळं तीन महिन्यांसाठी बंद करा आणि भात, तांदळाचं तपासलेलं पीठ, घरी मिक्सरमध्ये केलेली नाचणी एवढ्यावरच ठेवा. हिंग, मसाले, मेतकूट बदला, ओट्स थांबवा. तीन महिन्यांनी टीटीजी. उतरला तर गिरणी, हिंग किंवा ओट्स यांपैकी काहीतरी होतं, आता एक-एक परत आणा, प्रत्येकाच्या मध्ये पुरेसा वेळ ठेवून, आणि सगळ्यात आधी ज्वारी, पण नव्या मार्गाने दळलेली. नाही उतरला तर ते वहीतलं सात दिवसांचं टिपण, पिठाचा रिपोर्ट आणि औषधांची यादी घेऊन गॅस्ट्रोकडे जा आणि या तिन्ही गोष्टी त्यांच्यासमोर ठेवा.